एकच वाफ, दोन कामं

गव्हाणीत एक टन ऊस पडला की त्यातून साखर निघते साधारण ११० किलो. बगॅस, म्हणजे रस काढून उरलेलं ओलं चिपाड, मात्र २८० किलोच्या घरात. मोलॅसिस चाळीसेक किलो. वजनाने पाहिलं तर साखर कारखाना हा आधी चिपाडाचा कारखाना आहे. म्हणूनच एकाच उद्योगाने अनेक वस्तू बनवल्या तर खर्च का वाचतो, हे समजून घ्यायला पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला फार लांब जावं लागत नाही.

अर्थशास्त्रात या बचतीला ‘व्याप्तीची बचत’ म्हणता येईल. जॉन पँझार आणि रॉबर्ट विलिग यांनी १९८१ मध्ये या कल्पनेवर लिहिलेला लेख आजही आधाराला घेतला जातो. तीच वस्तू जास्त बनवली की नगामागे खर्च उतरतो, ती गोष्ट वेगळी. इथे कसोटी अशी: साखर आणि वीज दोन स्वतंत्र कंपन्यांनी बनवली तर दोघींचा मिळून खर्च किती, आणि एकीनेच दोन्ही बनवली तर किती? दुसरा आकडा कमी आला तर ही बचत आहे.

रोज ५,००० टन गाळप करणारा कारखाना घ्या. त्यातून सुमारे १,४०० टन बगॅस निघतं. चांगल्या बॉयलरमध्ये त्याची ढोबळमानाने ३,००० टन वाफ होते. रस आटवायला आणि साखर शिजवायला साधारण २,००० टन पुरते. उरलेल्या हजार टनांवर वीज करायची, असं वाटेल. पण खरी मेख त्या आधीच्या २,००० टनांत आहे. रस उकळायला वाफ जोरकस लागत नाही, दोन-अडीच बारचा दाब पुरतो. म्हणून ती आधी ६७ किंवा ८७ बार दाबाने तयार करतात आणि टर्बाइनमधून नेतात. टर्बाइन फिरवताना तिचा दाब उतरतो, पण उष्णतेचा मोठा हिस्सा तिच्यात तसाच राहतो, आणि तोच पुढे रस आटवतो.

आता हे दोन धंदे तोडून पाहा. फक्त वीज करणाऱ्याला टर्बाइनमधून आलेली वाफ थंड करून पाणी करावी लागते. तिच्यातली उष्णता कूलिंग टॉवरवाटे हवेत जाते, कारण शेजारी उकळायला रसच नाही. शिवाय बगॅस विकत आणायचं तर त्यात निम्मं पाणी, आणि ते इतकं फुसफुशीत की वजन भरण्याआधी ट्रक भरतो. फक्त साखर करणारा पूर्वी २१ बारच्या आसपासच्या बॉयलरवर भागवायचा. वाफेतून जेमतेम स्वतःपुरती वीज काढायचा आणि चिपाडाचे ढीग कमी भावात विकायचा.

ही बचत कुठल्याही जोडधंद्यात होत नाही. कारखान्याने पेट्रोल पंप काढला तर वाफेचा उपयोग शून्य. तिथे फार तर हिशेबनीस सामाईक.

इथेनॉलचं गणित जरा अवघड आहे. साखर तीन टप्प्यांत काढतात. दुसऱ्या टप्प्यावर थांबलं तर बी-हेवी मोलॅसिस मिळतं. त्यात साखर जास्त उरते, त्यामुळे टनामागे इथेनॉल जास्त मिळतं आणि तिसऱ्या शिजवणीची वाफही वाचते. पण आता दोन वस्तू एकाच साखरेवर हक्क सांगतात. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या पुरवठ्याच्या काळजीने केंद्र सरकारने रस आणि बी-हेवी मोलॅसिस इथेनॉलकडे वळवण्यावर मर्यादा घातली. ज्यांनी कर्ज काढून आसवन्या वाढवल्या होत्या त्यांची क्षमता पडून राहिली, हप्ते मात्र थांबले नाहीत. सामाईक यंत्रणेचा हा दुसरा चेहरा: एका वस्तूवर आलेला निर्णय सगळ्या घराचा हिशेब हलवतो.

आणि बचत झाली तरी ती कुणाची? बॉयलरचा खर्च साखरेच्या खात्यावर किती आणि विजेच्या खात्यावर किती टाकायचा, याचं नैसर्गिक उत्तर नाही. जो हिशेब लिहितो तो ठरवतो. वीज खात्याला बगॅस फुकट दाखवलं की वीज नफ्यात आणि साखर तोट्यात दिसते. शेतकऱ्याला भाव साखरेवर ठरत असेल तर हा लेखनप्रपंच निरुपद्रवी नाही. रंगराजन समितीने २०१२ मध्ये म्हणूनच दोन वाटा सुचवल्या: साखर आणि बगॅस, मोलॅसिस, प्रेसमड यांच्या एकूण मूल्याचा ७० टक्के वाटा उसाला, किंवा नुसत्या साखरेच्या मूल्याचा ७५ टक्के. दुसऱ्या वाटेत जोडउत्पादनांसाठी ठोक पाच टक्के धरले आहेत. प्रत्यक्षात त्यांतून किती मिळतं, हे बॉयलर कुठला आहे आणि आसवनी आहे की नाही यावर ठरतं, आणि शेजारशेजारच्या दोन कारखान्यांत ते सारखं नसतं.