टेबलक्लॉथचे माप आणि कडेची झूल

टेबलाच्या कडेवरून खाली लोंबणाऱ्या कापडाला झूल म्हणता येईल. रोजच्या जेवणाच्या टेबलाला २० ते २५ सेंटिमीटर झूल पुरते. समारंभात ती ३५ ते ४० पर्यंत चालते, मात्र बसणाऱ्याच्या मांडीवर कापड गोळा होऊ लागले की ती जास्त झाली असे समजावे.

हिशेबात नेहमीची चूक एकच होते: झूल एकदाच मिळवली जाते. कापड दोन्ही बाजूंना लोंबते, म्हणून लांबीत आणि रुंदीत झुलीची दुप्पट मिळवावी लागते. १५० बाय ९० सेंटिमीटरच्या टेबलाला २५ ची झूल हवी असेल, तर कापड २०० बाय १४० चे लागेल. शिवून घ्यायचे असल्यास दुमडपट्टीसाठी प्रत्येक कडेला ३ सेंटिमीटर जादा धरावे. सुती कापड आटते, म्हणून ते आधी धुऊन मगच कापावे.

गोल टेबलाचा व्यास मधोमध मोजावा. १२० च्या व्यासाला २५ ची झूल धरल्यास १७० व्यासाचे गोल कापड लागते. त्याच टेबलावर १७० चे चौकोनी कापड घातले, तर चार ठिकाणी झूल २५ च राहते, पण कोपरे सुमारे ६० सेंटिमीटर खाली येतात आणि गुडघ्यांत अडकतात. सगळीकडे सारखी झूल हवी असेल, तर गोल टेबलाला गोलच कापड घ्यावे.