दोनदा अर्धा झालेला भाव

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी रिलायन्सचा शेअर एकास एक बोनससाठी एक्स-बोनस झाला. शुक्रवारी २,६५५ रुपयांच्या आसपास बंद झालेला भाव सोमवारी साधारण १,३३० वर होता. शेअर दुप्पट झाले, त्यामुळे गुंतवणूकदाराचं नुकसान काहीच नव्हतं. पण संगणकावरच्या प्रोग्रॅमला ही घसरणच दिसेल. म्हणून डेटा पुरवणाऱ्या कंपन्या त्या तारखेआधीचे सगळे भाव निम्मे करून देतात.

आता समजा, पुरवठादाराने हे निम्मं करणं चुकून दोनदा केलं. शुक्रवारचा भाव १,३२८ ऐवजी ६६४ दिसतो आणि शेअर एका रात्रीत दुप्पट झाल्यासारखा वाटतो. भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तर खरेदी, असा प्रोग्रॅमचा नियम असेल तर तो बिनधास्त खरेदी सुचवतो. खरी सरासरी तेव्हा १,४०० च्या वर, म्हणजे भावाच्याही वर होती. आणि हा बिघाड एका दिवसाचा नसतो. जुने भाव सरासरीतून पुरते बाहेर पडेपर्यंत जवळपास दहा महिने इशाऱ्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

अशा वेळी ‘तुमचा डेटा चुकीचा आहे, माझं नुकसान झालं’ एवढाच ईमेल पाठवला, तर तपशील मागणारं उत्तर येतं आणि आठवडा वाया जातो. पुरवठादाराला चूक शोधावीच लागू नये, असं पत्र लिहायला हवं:

‘RELIANCE, ISIN INE002A01018. २५ ऑक्टोबर २०२४ चा तुमचा समायोजित बंद भाव ६६४ आहे. एक्स्चेंजच्या भावकॉपीतला मूळ भाव तुमच्या भावाच्या चौपट येतो. एकास एक बोनसनंतर तो दुप्पट यायला हवा. तुम्ही व्हॉल्यूम मात्र एकदाच दुप्पट केला आहे, त्यामुळे भाव गुणिले व्हॉल्यूम मूळ उलाढालीच्या जवळपास निम्मंच भरतं. दहा ओळींची फाईल आणि डेटा उतरवल्याची वेळ सोबत आहे. कृपया दुरुस्ती करा. हीच चूक आणखी कोणत्या शेअरमध्ये झाली, तेही कळवा.’

उलाढालीचा मुद्दा मला यात सगळ्यात मोलाचा वाटतो. बोनसने शेअरची संख्या बदलते, उलाढालीचे रुपये बदलत नाहीत. म्हणून निम्म्याइतक्या फरकावर वाद घालणं कठीण असतं. भावाच्या गुणोत्तरावर मात्र घालता येतो. काही पुरवठादार लाभांशही वजा करतात, मग दुप्पटऐवजी किंचित वेगळा आकडा येतो आणि तो बरोबरच असतो. पत्राआधी त्यांची पद्धत वाचून घ्यावी. डेटा उतरवल्याची वेळही त्यासाठीच द्यायची: प्रत्येक नव्या बोनसनंतर जुने भाव पुन्हा बदलतात, आणि ती नसेल तर दोघं वेगवेगळ्या फाईलींबद्दल बोलत बसतात.

भरपाईची मागणी या पत्रात घालू नये; ती करारातल्या अटींनुसार वेगळी करावी. दुरुस्ती झाल्याचं उत्तर आलं तरी आपल्या संगणकावरची जुनी प्रत तशीच असते. ती बाजूला काढून पूर्ण इतिहास नव्याने उतरवावा, आणि दोन्ही प्रतींवर प्रोग्रॅम चालवून कोणते इशारे बदलले ते तारीखवार पाहावं.