बक्षिसाचा प्रश्न आणि उत्तराचे चार टप्पे

कायद्याच्या परीक्षेत असा प्रसंग येतो: हरवलेली बॅग परत आणून देणाऱ्याला ५,००० रुपये देण्याची जाहिरात सीमा देते. रमेशला बॅग सकाळी सापडते, जाहिरात तो दुपारी वाचतो आणि संध्याकाळी बॅग नेऊन देतो. बक्षीस मिळेल का?

पहिला टप्पा मुद्द्याचा. ‘रमेशला पैसे मिळतील का’ हा मुद्दा फार ढोबळ झाला. नेमका मुद्दा असा: बॅग सापडताना प्रस्ताव माहीत नसलेल्याने तो स्वीकारला, असे म्हणता येते का?

दुसरा टप्पा नियमाचा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ८ प्रमाणे प्रस्तावातील अटी पार पाडणे म्हणजे स्वीकृती. मात्र लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त (१९१३) या निवाड्यानुसार प्रस्तावाची माहिती आधी हवी. इथे दोन वाक्ये पुरेत. पानभर कलमे उतरवल्याने गुण वाढत नाहीत.

खरी कसोटी तिसऱ्या टप्प्यात, नियम लागू करताना लागते. लालमनने मुलगा शोधला तेव्हा त्याला बक्षिसाची माहिती नव्हती. रमेशलाही बॅग सापडली तेव्हा ती नव्हती. पण जाहिरातीची अट ‘परत आणून देणे’ ही आहे आणि ती त्याने माहिती झाल्यावर पूर्ण केली. प्रत्येक वाक्यात प्रसंगातली एखादी वस्तुस्थिती नियमातल्या एखाद्या शब्दाशी जोडलेली दिसली पाहिजे. ‘म्हणून करार झाला’ एवढेच लिहिले, तर हा टप्पा गाळल्यासारखाच होतो. सीमाचा प्रतिवादही इथेच मांडायचा: बॅग मालकाला परत करणे हे रमेशचे कर्तव्यच होते.

निष्कर्ष एका ओळीचा: रमेशची बाजू अधिक भक्कम दिसते.