तीस कुर्त्या, एक मजकूर

एकच सुती कुर्ती, सहा रंग, पाच मापं. म्हणजे तीस प्रकार. इन्स्टाग्रामवर विकणारे बरेचजण ते सगळे रंगवार, मापवार मजकुरात उतरवतात. पण तिथे सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर 'more' दाबल्याशिवाय उघडत नाही. त्या ओळी रंगांच्या यादीत गेल्या, तर किंमत कुणालाच दिसत नाही.

रंग सांगायचं काम फोटोंवर सोडावं. एकाच पोस्टमध्ये सहा फोटो टाकून प्रत्येकाच्या कोपऱ्यात १ ते ६ आकडा घालावा. 'मोरपंखी' म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळी छटा येते. 'चार नंबर' म्हटल्यावर वाद उरत नाही. मापांचा पल्ला द्यावा आणि अपवाद तेवढा वेगळा लिहावा:

'सुती कुर्ती, ६५० रुपये, सहा रंग. माप ३८ ते ४६. ४६ फक्त १, ३ आणि ५ नंबरमध्ये. ऑर्डरसाठी रंगाचा नंबर आणि माप कळवा.'

माप कुर्तीचं की अंगाचं, हे मात्र शेवटच्या फोटोवरच्या तक्त्यात स्पष्ट हवं. नाहीतर छाती ४० असलेली बाई ४० इंची कुर्ती मागवते आणि ती घट्ट होते. उरलेला साठा मजकुरात लिहू नये, तो रोज बदलतो. एखादा रंग पूर्ण संपला तर मजकुरात 'दोन नंबर संपला' एवढी भर घालावी. आकडे मात्र बदलू नयेत, कारण जुन्या चौकशा त्याच नंबरांवर चालू असतात.

आणि तरीही 'किंमत?' विचारणारे भेटतातच.