पत्रास कारण की…

तहसील कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. रजेचे अर्ज रोज यायचे. त्यातला एक अजून लक्षात आहे. आवक-जावक बघणाऱ्या एका महसूल सहायकाने फुलस्केपच्या दोन्ही बाजू भरून तो लिहिला होता. तारखा आजच्या घालून त्याचा सारांश देतो :

‘आदरणीय मॅडम, सा. न. वि. वि. पत्रास कारण की, आईला दिवाळीपासून डाव्या डोळ्याने अंधुक दिसते. गावातल्या डॉक्टरांनी थेंब दिले पण गुण नाही. मोठा भाऊ मुंबईला असतो, त्याला सुट्टी मिळत नाही, आणि वहिनींचे तर आपणांस ठाऊकच आहे. आता मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले आहे. मी सहसा रजा घेत नाही. तरी येत्या गुरुवारपासून दोन-तीन दिवस रजा द्यावी, ही पुन्हा एकदा हात जोडून विनंती. चूकभूल द्यावी घ्यावी.’

यात खोटं काही नाही. पण मॅडमना त्यावर सही करता येईना, कारण त्यांना हवं होतं तेवढंच त्यात नव्हतं. रजा कोणती? किरकोळ, की अर्जित? राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला वर्षाला ८ किरकोळ रजा मिळतात आणि उरलेल्या डिसेंबरअखेर बुडतात. अर्जित रजा मात्र साठते. त्यामुळे कोणत्या खात्यातून वजा करायची, हे अर्जदारानेच सांगायला हवं. ‘दोन-तीन’ म्हणजे दोन की तीन? शनिवार-रविवार रजेला जोडायचे आहेत का? मिरजेला जायचं, तर मुख्यालय सोडण्याची परवानगी कुठे मागितली आहे? आणि त्या दिवसांत टपाल कोण घेणार?

मी त्याला समोर बसवलं आणि दोघांनी मिळून कात्री चालवली. आधी थेंब, भाऊ आणि वहिनी गेल्या. घरातलं कुणी का येऊ शकत नाही, हे किरकोळ रजेला सांगावं लागत नाही. ‘आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया’ एवढ्याने कारण पुरं होतं. आजार सांगण्यासारखा नसेल, तर ‘कौटुंबिक कारणास्तव’ एवढंही चालतं. (वैद्यकीय कारणावरच्या मोठ्या रजेचं गणित वेगळं, तिथे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.) ‘सहसा रजा घेत नाही’ हेही काढलं, कारण ते रजा नोंदवहीत दिसतंच. ‘सा. न. वि. वि.’ घरगुती पत्रातलं, ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ वाण्याच्या बिलातलं. दोन्ही आपापल्या जागी परत पाठवली.

मग त्याची गाडी दुसऱ्या टोकाला गेली. ‘मी दि. १२ व १३ रोजी रजेवर जात आहे, असे कळविण्यात येते,’ असं त्याने लिहिलं. आटोपशीर खरं, पण हा वरिष्ठाने खाली काढलेल्या पत्राचा सूर झाला. रजा हक्क म्हणून मागता येत नाही. ती मंजूर व्हावी लागते. म्हणून क्रियापद ‘मिळावी’ किंवा ‘मंजूर व्हावी’ असं हवं. मराठीत अदब बहुतेक त्या ‘-वी’मध्येच असते. ती सांभाळली की हात वेगळे जोडावे लागत नाहीत. ‘विनंती’ एकदाच पुरते.

शेवटी कागदावर आलं ते असं :

दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय

विषय : २ दिवसांची किरकोळ रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदया,

माझ्या आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मिरज येथे दि. १२ फेब्रुवारी रोजी होणार आहे. त्यासाठी मला दि. १२ व १३ फेब्रुवारी २०२६ अशी २ दिवसांची किरकोळ रजा मिळावी. दि. १४ व १५ फेब्रुवारीच्या सुट्ट्या रजेला जोडण्याची आणि दि. ११ रोजी कार्यालयीन वेळेनंतर मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

रजेच्या काळात आवक-जावकचे काम शेजारच्या टेबलावरील सहकारी पाहतील. त्यांची संमती घेतली आहे. मी दि. १६ रोजी कामावर हजर होईन.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पदनाम, मोबाइल क्रमांक)

विषयात ‘मिळण्याबाबत’ लिहिलं, तर तो म्हणाला, ‘भाऊसाहेब, सगळे मिळणेबाबतच लिहितात.’ लिहितात खरे. सरकारी कागदावर ते रूप इतकं रुळलंय की कुणी अडवत नाही. पण प्रमाण मराठीत ‘मिळण्याबाबत’च. आणि वरिष्ठाचं नाव न घालता पदनाम घातलं, कारण मधे बदली झाली तरी अर्ज तसाच चालतो.

मॅडमनी उभ्याउभ्या वाचून कोपऱ्यात ‘मंजूर’ लिहिलं. मी नोंदवही उघडली. वर्षातली पहिलीच रजा, शिल्लक ६.