बधिर पावलाचे माप

बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पावलांच्या नसा बधिर होतात आणि बूट चावल्याची कळ मेंदूपर्यंत पोचत नाही. अशा माणसाला मापाचा बूट सैल वाटतो; आवळणारा बूट मात्र थोडाफार जाणवतो, म्हणून तोच ‘नीट बसला’ असे त्याला वाटते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1946 पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांविषयी हेच दाखवून दिले होते: जखमा होतात त्या न जाणवलेल्या दाबामुळे. आपल्याकडची मऊ मायक्रोसेल्युलर रबराची ‘एमसीआर’ चप्पल याच विचारातली आहे.

जास्त खोलीच्या बुटात आतली उंची साधारण 6 ते 10 मिलिमीटर अधिक असते. ती जागा जाड, मऊ इनसोलसाठी असते. तोच इनसोल साध्या बुटात घातला, तर पाऊल वर उचलले जाते आणि बोटांचे सांधे वरच्या चामड्याला घासतात. तळवा वाचवताना बोटांवर जखम होते. इनसोल सुटा असल्याने तो काढून पायाच्या आकाराचा बसवता येतो. बोटे वाकडी झाली असतील, तर बुटाचा पुढचा भाग रुंदीबरोबर उंचीलाही मोकळा हवा आणि आतून शिवण नको.

माप संध्याकाळी, उभे राहून घ्यावे, कारण तोवर सूज चढलेली असते. डावे पाऊल 25 आणि उजवे 24.6 सेंटिमीटर भरले, तर माप डाव्याचे धरायचे. बूट आतून 26 ते 27 सेंटिमीटर हवा. इनसोल बाहेर काढून त्यावर उभे राहावे. करंगळी कडेबाहेर गेली, तर तो बूट अरुंद आहे, मग पायाला कितीही बरा वाटो. सूज कमी-जास्त होणाऱ्यांना लेसपेक्षा रुंद उघडणारे वेल्क्रोचे पट्टे सोयीचे. अंगठ्याची चप्पल मात्र टाळावी: बोटांच्या बेचक्यात ती घासते आणि बधिर पायातून कधी निसटली ते कळतही नाही.

नवा बूट पहिल्या दिवशी तासभरच घालावा. काढल्यावर 20 मिनिटांनीही लाल डाग राहिला, तर तेथे दाब पडतो आहे, बूट बदलावा. घालण्याआधी रोज आत हात फिरवून खडा किंवा दुमडलेला कपडा राहिला नाही ना, हे पाहावे. इनसोल चवड्याखाली चेपून कडक झाला की बदलावा, बूट बाहेरून नवा दिसत असला तरी.

उघडी जखम असेल, तर असा बूट पुरत नाही. दाब पूर्ण काढणारे वेगळे साधन लागते. एकच पाऊल अचानक सुजून गरम झाले, तर दुखत नसले तरी चालणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आत हाडे मोडत असण्याची शक्यता असते.