मुंबईची मराठी कोणत्या रकान्यात गेली?

२०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. त्यात मुसलमान २५ लाखांहून थोडे अधिक. याच गणनेत मुंबईत उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे साडेचौदा लाख निघाले. हे सगळे उर्दूभाषक मुसलमानच होते असे धरले, तरी या शहरातल्या किमान दहा लाख मुसलमानांनी मातृभाषा म्हणून उर्दू सोडून दुसरी भाषा सांगितली, हे साध्या वजाबाकीने कळते.

ज्यांनी मुंबईतले मोहल्ले पाहिले आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. बोहऱ्यांच्या घरात गुजराती, मेमणांच्या घरात मेमणी किंवा कच्छी, केरळातून आलेल्यांच्या घरात मल्याळम, उत्तर प्रदेश-बिहारकडच्यांच्या घरात अवधी, भोजपुरी आणि कोकणी मुसलमानांच्या घरात कोकणी बोली. 'मुसलमान म्हणजे उर्दू' हे समीकरण शहराचाच तक्ता खोडून काढतो.

पण मातृभाषेच्या तक्त्यात शहराची अर्धीच गोष्ट असते. २०११च्या पत्रकात दहावा प्रश्न मातृभाषेचा होता आणि अकरावा 'अवगत असलेल्या इतर भाषा' हा. अकराव्या प्रश्नात जास्तीत जास्त दोन भाषा लिहिता येत होत्या. जी अधिक चांगली येते ती आधी. त्या भाषेत लिहिता-वाचता आलेच पाहिजे अशी अट नव्हती. समजणे आणि सहज बोलता येणे पुरेसे होते. या उत्तरांवरून द्वैभाषिक आणि त्रैभाषिक लोकांचे तक्ते तयार होतात. देशभरात सुमारे २६ टक्के लोकांनी किमान एक आणि सुमारे ७ टक्के लोकांनी दोन जादा भाषा सांगितल्या. हे प्रमाण कमी वाटते, कारण एकूण लोकसंख्येत तान्ही मुलेही मोजली जातात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, कुर्ल्यातले एक कोकणी मुस्लिम कुटुंब आहे. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. दादी घरात कोकणी बोलते, बाजारात मराठीत भाव करते. तिला अक्षरओळख नाही. वडील टेम्पो चालवतात. मालक, पोलीस, गिऱ्हाईक सगळ्यांशी मराठी बोलतात. मुलगी उर्दू माध्यमात शिकली, आता कॉलेजात आहे. प्रगणक दारात येतो तेव्हा वडीलच सगळ्यांच्या वतीने उत्तर देतात, "लिहा उर्दू. बाकी हिंदी, इंग्रजी." प्रगणक तेच उत्तर चौघांच्या ओळीत उतरवतो.

काय झाले पाहा. जनगणनेत उर्दू आणि हिंदी या वेगळ्या भाषा आहेत, म्हणून हिंदीने एक जागा घेतली आणि इंग्रजीने दुसरी. मराठीला जागाच उरली नाही. रोज मराठीवर पोट भरणारे हे घर तक्त्यात मराठी न येणारे घर ठरले. शिवाय दादीच्या नावावर तिला न येणारी इंग्रजी जमा झाली आणि तिची कोकणी गेली. चार वयांच्या, चार वेगळ्या शिक्षणाच्या माणसांची उत्तरे अक्षरशः एकसारखी दिसली, तर ती विचारून नव्हे, उतरवून घेतलेली आहेत असे समजावे.

शेजारच्या भोजपुरी घराचा हिशेब निराळा. भोजपुरीची गणना हिंदीतच होते. त्यांची हिंदी मातृभाषेच्या आकड्यातच आली, त्यामुळे मराठी आणि इंग्रजी या दोन्हींना जागा राहते. एकाच गल्लीत, एकाच दुकानात तितकीच मराठी बोलणारी दोन माणसे. एक मराठी जाणणारा म्हणून मोजला जातो, दुसरा नाही.

आणखी एक अडचण आहे. मातृभाषेचा तक्ता जिल्हा आणि शहरापर्यंत मिळतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या भाषेचा २०११चा तक्ता राज्यपातळीवर आहे. म्हणून मुंबईत मराठी मातृभाषकांचा आकडा घटला की शहरातून मराठी गेली असा निष्कर्ष काढला जातो. मराठी दुसरी भाषा म्हणून किती जण बोलतात, हे त्या चर्चेत येतच नाही.

पुढची लोकगणना फेब्रुवारी २०२७मध्ये आहे. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती. धर्मावरून किंवा शाळेच्या माध्यमावरून ती ठरत नाही आणि एकाच घरात ती दोघांची वेगळी असू शकते. उत्तर उर्दू असेल तर उर्दूच सांगावे, कोकणी असेल तर कोकणी. त्यानंतरच्या दोन जागांसाठी मात्र आधी प्रत्येकाला विचारावे: तू रोज कोणाशी, कोणत्या भाषेत बोलतोस? दादीलाही विचारावे. तिचे उत्तर बहुधा इंग्रजी नसेल.